उरलेल्या आठ कार्ट्रिज

फोरमनचा राग नाकाच्या शेंड्यावर असतो असं लोक म्हणत, ते खोटं होतं. त्याचा राग हातात असायचा. नाकापर्यंत पोचायला त्याला वेळच मिळत नसे. शटरिंगची फळी वाकडी लागली की फळी आधी उडायची आणि कारण मागाहून विचारलं जायचं. साइटवर त्याच्यापुढे पूर्ण वाक्य बोलून झालंय असा माणूस सापडला असता, तर त्याचा सत्कार करावा लागला असता.

काम एका जुन्या रोलिंग मिलमध्ये होतं. शेडच्या सहा जाडजूड काँक्रीटच्या खांबांना प्रत्येकी एक नवा ब्रॅकेट ओतायचा होता आणि त्या ब्रॅकेटांवरून नव्या क्रेनचे रूळ जाणार होते. नवं काँक्रीट जुन्याला नुसतं चिकटवून चालत नाही. जुन्या खांबात भोकं पाडायची, त्यांत रेझिन, म्हणजे दगडासारखा घट्ट होणारा डिंक, भरायचं, त्यात सळया घुसवायच्या आणि बाहेर राहिलेली टोकं नव्या काँक्रीटमध्ये घ्यायची. या सळयांना डॉवेल म्हणतात. एका खांबाला सोळा, म्हणजे एकूण शहाण्णव डॉवेल. क्रेन जे काही उचलेल ते शेवटी या शहाण्णव सळयांच्या मुठीत असणार होतं, आणि खाली माणसं काम करणार होती.

हे फोरमनला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. त्याचे वडील असल्याच एका ब्रॅकेटखाली गेले होते. ज्यानं भोकं भरली त्यानं सिमेंटची पोती परस्पर विकली होती आणि भोकांची नुसती तोंडं लिंपली होती. पहिला जड माल लटकला तसे बोल्ट दुधाच्या दातांसारखे निघून आले. फोरमन तेव्हा मिसरूड फुटलेला पोरगा होता. वडिलांना बाहेर काढायला त्यानंही हात लावला होता, आणि काय काय हाताला लागलं ते त्यानं आजवर आईला सांगितलेलं नाही. धाकटा भाऊ तेव्हा पाळण्यात होता. त्याला वाढवला, धंद्याला लावला, हातात ड्रिल दिलं ते फोरमननंच. चोपलाही त्यानंच.

तर झालं असं. भोकं पाडायच्या आणि भरायच्या दिवसांत फोरमनला दुसऱ्या साइटवर स्लॅब ओतायला जावं लागलं. जाताना त्यानं रेझिनच्या चौदा कार्ट्रिज, गनमध्ये बसवायच्या नळकांड्या, मागवून ठेवल्या. हिशोब त्यानं नेहमीसारखा तोंडीच केला होता. भोक पंचवीस मिलिमीटरचं, सळई सोळाची, खोली दोनशे. भोकातून सळईची जागा वजा केली की एका भोकात अठ्ठावन्न मिलिलिटर रेझिन बसतं. शहाण्णव भोकांचं झालं साडेपाच लिटरच्या वर. त्यात पाचवा हिस्सा वाया जाणारं धरायचं, कारण नव्या नोझलमधून सुरुवातीचं रेझिन एकसारख्या रंगाचं येईपर्यंत फेकूनच द्यावं लागतं, थोडं नोझलमध्ये अडकतं, थोडं भोकाच्या खडबडीत भिंती खातात. म्हणजे पावणेसात लिटरच्या आसपास. पाचशे मिलिलिटरची एक कार्ट्रिज, तेव्हा चौदा. बरोबर चौदा, ना एक जास्त ना एक कमी. सगळं काम त्यानं धाकट्यावर सोपवलं आणि तो गेला.

परत आला तो एक दिवस मधे टाकून, सकाळी. शेडमध्ये शिरला, खांबांकडे नजर टाकली. सगळ्या सळया बसल्या होत्या, एका ओळीत, मुळाशी रेझिनची राखाडी वर्तुळं दाबून बाहेर आलेली. बघून कुणाचाही जीव सुखावला असता. फोरमनचाही सुखावला. मग सामानाच्या पेटीचं झाकण उघडून त्यानं टेप शोधायला हात घातला आणि हाताला कार्ट्रिज लागली. भरलेली, टोपण न उघडलेली. तिच्या खाली आणखी एक. त्यानं एकेक काढून फरशीवर मांडल्या. आठ भरल्या.

तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय ते तिथं उभ्या असलेल्या वेल्डरनं त्या दिवशी पाहिलं. फोरमनचा चेहरा आधी पांढरा पडला. चौदातल्या आठ उरल्या म्हणजे सहात शहाण्णव भोकं भरली. म्हणजे भोकं अर्धीही भरली नाहीत. म्हणजे तोंडं लिंपली.

"धाकट्या!"

धाकटा शेवटच्या खांबापाशी भोकं साफ करायचे ब्रश धूत होता. हसतच आला. त्याच्या हसण्यात शाबासकीची अपेक्षा होती, आणि तेच घातक ठरलं.

"आलास दादा? बघितलंस काम? आठ कार्ट्रिज वाचल्या, बघ. मालक खूश—"

पहिली थप्पड एवढ्या जोरात बसली की तो खांबावर आदळला.

"वाचल्या? वाचल्या म्हणतोस? कुणाच्या जिवावर वाचवल्यास रे?"

"दादा, ऐक तरी. मी भोक—"

फोरमनच्या हाताशी रेझिनची गन पडली होती. लोखंडी सांगाडा, लांब दांडा, मागं दट्ट्या. ती उचलून त्यानं धाकट्याच्या तोंडावर मारली. दात तुटल्याचा आवाज वेल्डरला शेडच्या मधोमध ऐकू आला. धाकटा गुडघ्यांवर बसला, तोंडावर हात धरून, आणि बोटांमधून रक्त गळायला लागलं. त्याला काही सांगायचं होतं. तो मान हलवत होता, डावा हात वर करून थांब थांब म्हणत होता. फोरमनला दिसत होता तो फक्त एक चोर, आणि त्या चोरामागे दुसरा जुना चोर, ज्याला मारायचं त्याचं राहून गेलं होतं.

"बापाला खाल्लं असल्यांनी! तुला तरी कळायला पाहिजे होतं! तुला!"

त्यानं लाथ घातली. धाकटा कुशीवर पडला, परत उठायला बघू लागला, परत लाथ बसली. मग फोरमननं भिंतीला टेकलेल्या उरलेल्या सळयांमधली एक ओढली. हातभर लांब, सोळा मिलिमीटरची. धाकट्यानं डोकं वाचवायला उजवा हात आडवा धरला. सळई मनगटावर बसली. पुन्हा उचलली, पुन्हा तिथंच बसली. दुसऱ्या वेळी आवाज वेगळा आला, ओला, आणि हात मनगटापासून भलतीकडे वळला.

वेल्डरनं मागून मिठी मारली तेव्हा तिसरा घाव हवेत होता. वेल्डर अंगानं दांडगा होता, तरी दोघं फरशीवर लोळले. फोरमननं त्याच्या दंडाचा चावा घेतला. वेल्डरनं त्याच्या कानशिलावर गुडघा दिला, तेव्हा कुठं सळई सुटली.

"मरेल तो! माणूस आहेस का कोण आहेस?"

"मरू दे! खाली पन्नास माणसं मरण्यापेक्षा हा एक मेलेला बरा!"

खरं सांगायचं तर त्या क्षणी त्याला तसंच वाटत होतं. नंतर कितीही सारवासारव केली तरी ते खोटं ठरणार नाही.

वेल्डरनं शर्ट काढून धाकट्याच्या हाताला फळीच्या तुकड्यासकट गुंडाळला आणि त्याला टेम्पोत घातलं. धाकटा शुद्धीत होता. त्याचं तोंड सुजून बंद झालं होतं. टेम्पोचं फाळकं लागेपर्यंत तो भावाकडे बघत होता. फोरमननं तिकडे पाठ केली.

शेडमध्ये आता तो आणि त्याचा फिटर असे दोघंच उरले. फिटरला सगळे पाना म्हणत, कारण पाना हातात नसताना तो कुणाला दिसलेला नव्हता. पाना भिंतीला चिकटून उभा होता.

"जॅक आण," फोरमन म्हणाला. "एकेक उपटून दाखवतो मालकाला."

सळई किती घट्ट बसलीय ते बघायला पोकळ जॅक वापरतात. सळईचं बाहेरचं टोक जॅकच्या मधल्या भोकातून आरपार घ्यायचं, पुढं पाचरींनी पकडायचं, जॅकचे पाय खांबाला टेकवायचे आणि पंप मारायचा. जॅक खांबाला ढकलतो आणि सळई ओढली जाते. गेजवर टन दिसतात. या कामाला सहा टनांची परीक्षा ठरलेली होती. सहा टनांवर काटा स्थिर राहिला तर सळई पास. परीक्षा इंजिनीअर बाईंच्या समोर व्हायची, त्या दुपारी येणार होत्या. फोरमनला दुपारपर्यंत दम नव्हता.

तो परांचीवर चढला. हाताला धाकट्याचं रक्त होतं आणि पंपाचा दांडा त्यामुळं निसटत होता. त्यानं तो पँटीला पुसला आणि पंप मारायला सुरुवात केली. एक टन. दोन. त्याला वाटलं होतं, दोनालाच सळई भोकातून सरकत बाहेर येईल, राखाडी कवच टचकन फुटेल आणि मागं पोकळ अंधार दिसेल. तीन. चार. त्यानं दात आवळले. पाच. सहा. काटा सहावर उभा राहिला आणि हलायला तयार होईना.

"ही एक चुकून भरली असेल," तो म्हणाला.

पान्यानं शिडी दुसऱ्या खांबाला लावली.

दुसऱ्या खांबाची सगळ्यात वरची सळई घेतली. कामचोर माणूस वरच्याच भोकांना फसवतो, कारण तिथवर शिडी लावून कोण बघणार? सहा टन. काटा जागचा हलला नाही. फोरमनच्या कपाळावर आता घाम आला, आणि तो श्रमाचा नव्हता. सळई धरून बसली याचा माणसाला आनंद व्हायला पाहिजे. त्यानं गेजची काच पुसून पुन्हा बघितलं.

चौथ्या खांबावर त्यानं तिसरी सळई पकडली. सहा झाले. तो थांबला नाही.

"फोरमन, सहा झाले," पाना खालून म्हणाला.

"गप."

"फोरमन, वर जाऊ नका. तुटली तर—"

"गप म्हणतो ना!"

सात. आठ. नऊ. आता तो पंपाशी नव्हे, त्या सळईशी भांडत होता. निघ. निघ म्हणतो. एकदा निघ, म्हणजे मी बरोबर होतो. दहाच्या पुढे काटा अडखळला. दांडा दाबला जाई, पण टन वाढत नव्हते, कारण सळई स्वतःच ताणली जात होती. खांबाच्या तोंडाशी रेझिनचं वर्तुळ मात्र जसंच्या तसं होतं, त्याला केसाएवढी चीर नव्हती. त्यानं सगळं अंग दांड्यावर टाकलं. अकरा. अकराच्या थोडं पुढे बंदुकीसारखा आवाज झाला. जॅक सळईच्या तुकड्यासकट झेपावला, फोरमनच्या कानाजवळून गेला, परांचीची फळी फोडून खाली फरशीवर आपटला आणि फरशीचा टवका उडाला. पाना आडवा झाला म्हणून वाचला.

फोरमन परांचीवर बसला होता. कानात शिट्टी वाजत होती. समोर खांबात सळईचा बुंधा होता, मान बारीक होऊन तुटलेला. पोलाद तुटलं होतं. भोक सुटलं नव्हतं.

तो खाली उतरला. दोनदा पायरी चुकली. पाचव्या खांबावर कमरेएवढ्या उंचीवर एक रिकामं भोक होतं. ड्रिल आतल्या जुन्या सळईला लागलं म्हणून धाकट्यानं ते सोडून शेजारी दुसरं पाडलं होतं आणि सोडलेल्यावर खडूनं फुली मारली होती. फोरमननं पेटीतून ड्रिलचा आपला पंचवीसचा बिट काढला. स्वतः आणून ठेवलेला. भोकाच्या तोंडाला लावला आणि ढकलला. बिट आत गेला नाही. फिरवून बघितला, तळहातानं ठोकून बघितला. तोंडावरच अडून राहिला.

"पान्या, वीसचा बिट दे."

वीसचा बिट गपकन आत गेला.

मग तो तिथंच खांबाला टेकून उभा राहिला आणि मनातल्या मनात तो हिशोब पुन्हा मांडला गेला, त्याला नको असताना. पंचवीसचा वर्ग सहाशे पंचवीस. त्यातून सोळाचा वर्ग, दोनशे छप्पन, वजा. उरले तीनशे एकोणसत्तर. वीसचा वर्ग चारशे. त्यातून दोनशे छप्पन वजा. उरले एकशे चव्वेचाळीस. भोक पाच मिलिमीटरनं लहान केलं, तर रेझिन अडीच पटींहून कमी लागतं. एका भोकाला अठ्ठावन्न नव्हे, जेमतेम तेवीस मिलिलिटर. शहाण्णव भोकांना, वाया जाणारं धरून, दोन लिटर सहाशे. पाच कार्ट्रिज आणि सहावीतलं थोडं.

आठ भरल्या उरायलाच पाहिजे होत्या. सात उरल्या असत्या तर विचारायचं होतं.

पंचवीसची सवय त्याची सिमेंटच्या काळातली होती. सिमेंटची पातळ खीर भोकात ओतायची तर सळईभोवती ऐसपैस जागा लागते, नाहीतर ती तळाला पोचत नाही. रेझिनचं उलटं. त्याला सळईभोवती पातळ थर पुरतो, नोझलची नळी तळाला टेकवून मागं मागं येत भरलं की झालं. हे त्याला कुणी कधी सांगितलं नव्हतं असं नाही. सांगणाऱ्यांची वाक्यं अर्ध्यावर राहिली होती.

इंजिनीअर बाई आल्या त्या फरशीवरचं रक्त बघून दारातच थांबल्या. पान्यानं त्यांना काय ते सांगितलं. त्या फोरमनच्या समोर येऊन उभ्या राहिल्या.

"आराखड्यात वीसच आहे," त्या म्हणाल्या. "तुमच्या भावानं पहिलं भोक पाडायच्या आधी मला विचारलं. म्हणाला, दादानं पंचवीसचा बिट ठेवलाय, पण कार्ट्रिजच्या डब्यावरच्या तक्त्यात सोळाच्या सळईला वीस दिलंय, काय करू? मी म्हटलं, वीस. एकेक भोक फुंकून, घासून, परत फुंकून घेतलं त्यानं. मी निम्मा दिवस इथं उभी होते."

"मला का नाही सांगितलं?" फोरमन म्हणाला.

उत्तर दारातून आलं. वेल्डर परतला होता, उघड्या अंगानं, दंडावर दातांचे व्रण घेऊन.

"फोन केला होता त्यानं तुला. माझ्यासमोर केला. तू तिकडं कुणाला तरी शिव्या घालत होतास. हा म्हणाला, दादा, बिटचं जरा बोलायचंय. तू म्हणालास, मला शिकवू नको, काम उरक. आणि ठेवलास."

फोरमनला तो फोन आठवला. अगदी शब्दाला शब्द आठवला. तो सळयांच्या ढिगावर बसला.

"हात?" त्यानं विचारलं.

"मनगटाचा चुरा झालाय. आतली नस तुटलीय. उद्या कापून जोडणार म्हणतात. मूठ वळेल का ते डॉक्टर सांगत नाहीत." वेल्डरनं फरशीवरची सळई उचलून बाजूला ठेवली. "पोलिसांत जायचं की नाही ते मी ठरवीन, असं तुझी आई म्हणाली. ती पोचलीय तिथं."

इस्पितळाच्या खोलीत तीन खाटा होत्या, धाकटा खिडकीकडच्या खाटेवर. ओठ शिवलेले, एक डोळा मिटलेला, उजवा हात कोपरापासून पांढऱ्या पट्ट्यांत आणि उशीवर उंच ठेवलेला. आई पायथ्याशी स्टुलावर बसली होती. फोरमन आत आला तरी तिनं मान वर केली नाही.

तो खाटेजवळ उभा राहिला. वाटेत त्यानं पुष्कळ काही जुळवून ठेवलं होतं. मी चुकलो. तुझं काम सोन्यासारखं आहे. अकरा टनाला सळई तुटली पण तुझं भोक सुटलं नाही. यातलं काहीच तोंडातून येईना. लाजेनं जीव जावा असं त्याला वाटत होतं आणि जीव काही जात नव्हता.

"बोल," तो शेवटी म्हणाला. "काय सांगायचं होतं ते बोल. मी ऐकतो. मधे बोलत नाही."

धाकट्याचा उघडा डोळा त्याच्यावर होता. शिवलेल्या ओठांतून शब्द निघायला वेळ लागला.

"ओढून बघितल्यास?"

"तीन."

"एक तरी सुटली?"

"नाही रे राजा. एकही नाही."

धाकट्यानं डोळा मिटला. पापणीखालून पाणी कानाकडे ओघळलं. हाताखालची उशी एका बाजूला घसरली होती आणि सुजलेली बोटं खाली लोंबायला लागली होती. फोरमनला ते दिसलं. उशी सरळ करावी म्हणून त्यानं हात उचलला.

धाकटा किंचाळला. सगळं अंग भिंतीकडे गोळा करून त्यानं तोच तुटलेला हात, पट्ट्यांसकट, तोंडावर आडवा धरला. बाजूच्या खाटेवरचा माणूस उठून बसला. फोरमनचा हात तसाच वर राहिला आणि तो खाली कसा घ्यायचा ते त्याला कळेना.

आई उठली आणि दोघांच्या मधे येऊन उभी राहिली.

"जा," ती म्हणाली. "त्याला झोपू दे."